‘काय, बरं ना?’च्या पुढे: को-वर्किंगची जागा आणि शेजाऱ्यांशी ओळख – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात पहिल्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये अठरा खुर्च्यांची कामाची जागा मी सांभाळतो. इथे येणारे बहुतेक जण आसपासच्याच कॉलन्यांत राहतात. पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम घरून करणारे, जीएसटीची रिटर्नं भरणारे, नुकताच स्टार्टअप काढलेले आणि केळीच्या व्यवहाराचे हिशेब घेऊन बसणारेही. भाडं किती आणि इंटरनेट कसं हे विचारून झालं की नंतर हळूच येणारे प्रश्न वेगळे असतात. त्यांची उत्तरं इथे लिहितो आहे.

शेजारी घराजवळच असतात. त्यांना भेटायला टेबल भाड्याने कशाला घ्यायचं?

घराजवळ शेजारी दिसतो, पण थांबत नाही. तो गाडी काढत असतो, तुम्ही दूध घेऊन परतत असता. “काय, बरं ना?” “हो, बरं.” संपलं. कॉलनीत कंपाउंडच्या भिंती आल्या, ओटे गेले आणि उन्हाळ्यात तर दुपारी बारापासून पाचपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना फाटकाशी उभं राहून कोण बोलणार? त्याच वेळी तो शेजारी एखाद्या गार हॉलमध्ये तीन तास बसलेला असेल आणि तुम्हीही तिथेच असाल, तर ओट्याची जागा त्या हॉलने घेतली असं समजा. फरक एवढाच, की ओट्यावर माणूस रिकामा बसायचा आणि इथे हातात काम घेऊन बसतो. पुढच्या सगळ्या अडचणी या फरकातून येतात.

चार महिने एकाच माणसाच्या शेजारी बसतोय. तरी बोलणं ‘चाललंय का’च्या पुढे जात नाही. चुकतंय कुठे?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवी ओळख मैत्रीत बदलायला किती तास लागतात, हे त्यांनी मोजलं होतं. तोंडओळखीपासून साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण 50 तास, पक्की मैत्री व्हायला 90 च्या आसपास आणि अगदी जिवलग व्हायला 200 हून जास्त, असा त्यांचा अंदाज निघाला. हे आकडे अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे एखाद्या लग्नात तीन दिवसांत जन्माची दोस्ती होते, हे मलाही माहीत आहे. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आमच्या हॉलमध्ये मी रोज खरी होताना पाहतो: नुसतं एकत्र काम करत घालवलेले तास त्या मानाने फारसे उपयोगी पडत नाहीत. जवळीक वाढते ती गप्पांत, खाण्यात, बरोबर हिंडण्यात गेलेल्या वेळाने.

म्हणजे चार महिन्यांत तुम्ही त्यांच्या शेजारी तीनशे तास बसला असाल, पण दोघांच्या कानांत हेडफोन असतील तर हिशेबात धरण्यासारखे तास दोन-तीनच. खुर्ची शेजारी लावून काम भागत नाही. त्या खुर्चीवरून दोघं एकाच वेळी उठता का, ते बघा. जवळ यायचं ते चहाला, जेवणाच्या डब्याला, नाहीतर संध्याकाळी जिना उतरताना.

मग बसावं कुठे?

जिथून लोकांची ये-जा असते तिथे. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तिघांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास करून 1950 मध्ये तो प्रसिद्ध केला. अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी 41 टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं. मध्ये एक घर आलं की ते प्रमाण 22 वर आलं आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत 10 वर. घरांतलं अंतर काही फुटांचंच होतं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची मात्र वरच्या मजल्यावरही ओळख जास्त होती, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरूनच जायचे.

आमच्याकडे जिन्याचं काम माठ करतो. फिल्टरचं थंड पाणी असूनही एप्रिल-मेमध्ये सगळे माठाशीच येतात. माठाजवळच्या लांब टेबलावर बसणाऱ्याला पंधरा दिवसांत सगळ्यांची नावं पाठ होतात. खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या माणसाला मात्र वर्षभरानंतरही लोक “ते निळा शर्टवाले” म्हणून ओळखतात. तुमच्या जागेत माठ नसेल तर प्रिंटर, चहाचा थर्मास किंवा चपलांचा रॅक शोधा. खरंच एकाग्रतेचं काम असेल त्या दिवशी कोपरा घ्या, बाकीचे दिवस लांब टेबल.

दुसरं म्हणजे वार ठरवा. आज सकाळी, परवा संध्याकाळी असे आलात तर कोणाशीच गाठ पडत नाही. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते सहा, एवढं जरी कायम ठेवलं तरी त्या वेळचे पाच-सहा चेहरे तुमचे होतात.

पहिलं वाक्य काय बोलायचं?

प्रश्न विचारण्यापेक्षा छोटी मदत मागा. आपल्याकडे “काही मदत लागली तर सांगा” असं सगळे म्हणतात आणि त्यावर कोणी काही सांगत नाही. त्यापेक्षा “भाऊ, हा कागद तुमच्या फोनवरून स्कॅन होईल का?” किंवा “ताई, या कॉलनीत पाण्याची टाकी धुणारा माणूस कोण आहे?” असं विचारलं, की समोरच्याला नेमकं उत्तर देता येतं. उत्तर दिलं की तो तुमच्या बाजूचा होतो. मदत पाच मिनिटांत होणारी असावी, पैशाची नसावी आणि त्या माणसाला खरोखर माहीत असलेल्या गोष्टीची असावी.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ते जाऊन सांगा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. टाकीवाला आला, दीड तासात टाकी धुऊन गेला, तळाशी एवढा गाळ निघाला, असं सांगितलंत की दुसरं बोलणं आपोआप सुरू होतं.

‘गाव कोणतं?’ हे विचारलेलं चालतं का?

खान्देशात हा प्रश्न चालतोच. यावल म्हटलं की केळी, अमळनेर म्हटलं की आणखी काही, आणि कोणाची तरी मावशी तिथे निघतेच. पण या प्रश्नामागून आडनाव येतं आणि आडनावामागून जात. समोरच्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं: उत्तर आखूड होतं, नजर स्क्रीनकडे वळते. ज्यांना ही चौकशी आयुष्यभर नको झाली आहे, ते तिथेच दार लावून घेतात आणि त्यांचं बरोबर आहे.

म्हणून गाव विचारलं तर पुढचा प्रश्न गावाचाच ठेवा. नदी कोणती, पाऊस कसा झाला, कापूस वेचायला माणसं मिळतात का. आडनाव त्यांनी स्वतः सांगेपर्यंत विचारू नका. आमच्या हॉलमध्ये नोंदवहीत पूर्ण नाव असतं, पण टेबलावरच्या पाटीवर मी फक्त पहिलं नाव आणि कामाचा प्रकार लिहितो. तेवढ्याने बराच फरक पडला.

एखादं उदाहरण सांगा, सुरुवातीपासून.

दोघांची परवानगी घेऊन, नावं न लिहिता सांगतो.

एक अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करणारा, आईवडिलांजवळ राहायला परत आलेला. दुसरे पन्नाशीचे गृहस्थ, सगळे त्यांना अप्पा म्हणतात, ठिबक सिंचनाच्या सामानाची डीलरशिप चालवतात. दुकानात गर्दी असते म्हणून हिशेबाला इथे येतात. दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मुलगा जुलैत आला. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दोघांत “काय अप्पा, चाललंय?” यापलीकडे एक वाक्य झालेलं नव्हतं.

मुलाने मला विचारलं तेव्हा मी त्याला कोपऱ्यातून उठवून लांब टेबलावर आणलं आणि अप्पांचे वार सांगितले: मंगळवार, शुक्रवार. मदत मागायला त्याच्याकडे खरं कारणही होतं. वडिलांच्या तीन एकर केळीत टोकाच्या झाडांना पाणी पोचत नव्हतं. त्याने अप्पांना ते सांगितलं.

अप्पांनी लॅपटॉप मिटला. म्हणाले, “आधी नळीच्या शेवटची टोपी काढ आणि पाणी सोड. काय पडतं ते हातावर घे. पांढरे खरखरीत कण आले तर क्षार. हिरवट, बुळबुळीत आलं तर शेवाळ. दोघांचं औषध वेगळं.” मुलाने रविवारी शेतात जाऊन टोपी काढली, तळहातावर पडलेल्या पांढऱ्या कणांचा फोटो काढला आणि मंगळवारी दाखवला. क्षारांसाठी आम्लाची प्रक्रिया करतात, शेवाळासाठी क्लोरीनची. दोन्ही एकदम एकत्र कधीच करायचं नाही, विषारी वायू होतो, हे अप्पांनी दोनदा बजावलं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हेही. पुढच्या रविवारी ते स्वतः शेतावर गेले, कारण मुलाने आम्लाचा डबा पहिल्यांदाच हातात धरलेला होता. सकाळी सहा ते अकरा, पाच तास.

आता तासांचा हिशेब बघा. आठवड्यात दोनदा चहा, प्रत्येक वेळी पंचवीस मिनिटं, म्हणजे आठवड्याला पन्नास मिनिटं. शेतावरचे पाच तास म्हणजे सहा आठवड्यांचे चहा एका सकाळी. दिवाळीनंतर मुलाने अप्पांच्या उधारीची एक्सेल शीट करून दिली: कोणाकडे किती बाकी, किती दिवसांची, कोणाला फोन करायचा. डिसेंबरात भरिताची रात्र झाली, तीही पाच तासांची. संक्रांतीपर्यंत अठरा आठवड्यांचे चहा पंधरा तास आणि हे दहा, असे पंचवीस तास झाले. हॉल यांच्या पन्नास तासांच्या निम्मे. त्या सुमारास मुलाच्या वडिलांच्या छातीत रात्री दुखायला लागलं. त्याने पहिला फोन मामाला केला, ते भुसावळात होते. दुसरा अप्पांना केला. अप्पा सात मिनिटांत गाडी घेऊन दारात होते. वडील आता बरे आहेत.

भरीत पार्टी म्हणालात. सगळ्या हॉलची करावी का?

करावी, पण माणसं बारापर्यंतच. तीस माणसं आली की जुने ओळखीचे जुन्या ओळखीच्यांशीच बोलतात आणि नवा माणूस ताट घेऊन भिंतीशी उभा राहतो.

भरीत ओळख करून देण्यासाठी उत्तम, कारण त्यात प्रत्येक हाताला काम असतं. भरताची मोठी हिरवी वांगी कोणीतरी बामणोद-भालोदकडून आणायची. कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर ती भाजायची. दोघं काड्या सारतात, दोघं वांगी उलटवतात, चार जण गरम सालं काढत बोटांवर फुंकर मारतात. मग लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण आणि वांगी ठेचायची. कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर पडते. कोणाकडून कळण्याची भाकरी येते, कोणाकडून पुऱ्या. सालं काढायला आमच्याकडे मी मुद्दाम त्या दोघांना बसवतो जे वर्षभर फक्त मान हलवतात. हात काळे झालेले असताना फोन बघता येत नाही आणि डोळे समोरच्याकडे जातात.

केटररकडून तयार भरीत मागवू नका. एका वर्षी मी वेळ नव्हता म्हणून मागवलं. चाळीस मिनिटांत सगळे जेवून घरी गेले.

बाईमाणसांनी काय करावं? लोक वेगळा अर्थ काढतात.

काढतात, आणि लहान शहरात तो घरापर्यंत पोचतो, हे मी नाकारणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायकांनी स्वतः जे केलं ते सांगतो. तिघींनी एकच वार धरला आणि डबा एकत्र खायला सुरुवात केली. चौथी आपोआप आली. पुरुषांशी बोलणं लांब टेबलावर, सगळ्यांसमोर, कामाच्या गोष्टीवरून सुरू झालं, आणि पुढची पायरी घरच्यांसह भेटण्याची ठेवली. जीएसटीचं काम करणाऱ्या एका ताईंनी शेजारच्या कुटुंबाला कानबाईच्या रोटांना बोलावलं. नवराबायको दोघं आले, आणि मग बोलायला कोणाला काही शिल्लक राहिलं नाही.

जागा चालवणाऱ्याचीही जबाबदारी आहे. हॉलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून नंबर उचलून कोणी बाईला खासगी मेसेज टाकला, तर पहिल्याच वेळी मी त्याला बोलावून थांबवतो. तुमच्या जागेत असं कोणी थांबवत नसेल तर जागा बदला.

मी मुळात अबोल आहे.

मग समूहाच्या कार्यक्रमांना जाऊ नका. एक माणूस निवडा, एक वार निवडा, एक चहा. पुरे.

अहिराणीत बोललं तर चालेल का? बाहेरून आल्यासारखं वाटतं.

येत असेल तर बिनधास्त बोला. “काय करी राहिना भो?” एवढ्यानेही समोरचा खुर्ची वळवून बसतो. येत नसेल तर नक्कल करू नका. दोन शब्द चुकीच्या सुरात टाकले की आपल्या बोलीची चेष्टा चालली आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं. यावल-रावेरकडची माणसं लेवा बोली बोलतात, तिला अहिराणी म्हणून मोकळे होऊ नका. “हे तुमच्याकडे काय म्हणतात?” असं विचारा, लोक आनंदाने शिकवतात.

ओळख झाली की धंद्याचं बोलावं का?

त्याने विचारलं तर बोला. तुमच्याकडून पहिल्या दोन महिन्यांत विक्रीचा शब्द नको. इथे ओळखी मोडताना मी सगळ्यांत जास्त वेळा हेच पाहिलं आहे. तीन चहा झाले, चौथ्याला विमा पॉलिसीचा कागद बाहेर आला. समोरच्याला मग आधीचे तीन चहाही त्या कागदासाठीच होते असं वाटतं. तो काही बोलत नाही, फक्त वार बदलतो.

दुसरी चूक घाईने भागीदारी करण्याची. दोन शेजाऱ्यांनी सहा आठवड्यांच्या ओळखीवर मसाल्याचं ऑनलाइन दुकान काढलं. पैसे कोणी किती घातले, माल पडून राहिला तर कोणाचा, हे लिहिलं नव्हतं. दुकान बंद झालं तेव्हा बोलणंही बंद झालं आणि आता ते समोरासमोरच्या घरांत राहतात. एकत्र काही करायचंच असेल तर आधी एक छोटं, ठरलेल्या मुदतीचं काम करा, पैशाचा वाटा कागदावर लिहा.

इन्क्युबेटरमध्ये जावं की साध्या को-वर्किंगमध्ये?

शेजारी भेटावेत हा हेतू असेल तर घराजवळचं को-वर्किंग. इन्क्युबेटरमध्ये अर्ज करावा लागतो, कल्पना तपासली जाते, मार्गदर्शक मिळतात आणि मुदत ठरलेली असते. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं केसीआयआयएल हे असं केंद्र आहे. पण विद्यापीठाचं आवार शहराबाहेर, धुळ्याच्या रस्त्याला आहे. तिथे जिल्हाभरातून माणसं येतात, तुमच्या गल्लीतलं कोणी भेटेलच असं नाही.

तरी इन्क्युबेटरची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथे प्रत्येकाला आपलं कुठे अडलं ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं. आम्ही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पाच वाजता तेच करतो: तीन माणसं, प्रत्येकी दहा मिनिटं, विषय एकच, ‘या महिन्यात कुठे अडलं’. यश सांगायचं नाही. यश ऐकून लोक अभिनंदन करतात आणि निघून जातात. अडचण ऐकली की थांबतात, कारण कोणाला तरी त्यातलं काहीतरी माहीत असतं.

ओळख पुढे गेली हे कसं कळतं?

तो न आल्यावर त्याने तुम्हाला कळवलं, तर गेली. तुमच्यासमोर त्याने कंटाळा किंवा कर्जाचा हप्ता बोलून दाखवला, तर गेली. शिडी मागायला आला आणि परत करताना बसला, तर नक्कीच गेली. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सणाचे फोटो मोजू नका, ते सगळ्यांना जातात.

आणि नाहीच जमलं तर?

दोनदा चहाला विचारलं आणि दोन्ही वेळा “आज जरा काम आहे” आलं, तर तिसऱ्यांदा विचारू नका. राम राम चालू ठेवा. तो माणूस कदाचित घरी गोंगाट असतो म्हणून शांततेसाठीच इथे पैसे भरतो आहे. आमच्याकडे एक गृहस्थ दीड वर्ष कोणाशी बोलले नाहीत. मेमध्ये एका दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरही बसला, सगळे लॅपटॉप मिटून माठाभोवती जमले. तेव्हा ते उठले, पिशवीतून कैरीचं पन्हं काढलं आणि म्हणाले, “बायकोने जास्त दिलंय, ग्लास आहेत का?”